ऑफर लेटरमधले पंचेचाळीस हजार

आपल्या घरांत पगार म्हणजे हातात येणारी रक्कम. पूर्वी पाकीट यायचे, आता बँकेचा मेसेज येतो, पण अर्थ तोच राहिला आहे. कंपनीच्या पत्रात मात्र पगाराचा आकडा वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असतो. त्याला सीटीसी म्हणतात. त्या माणसाला कामावर ठेवण्यासाठी कंपनीला वर्षाकाठी येणारा एकूण खर्च, असा त्याचा अर्थ. हा आकडा खोटा नसतो, पण तो सगळा घरात येत नाही. त्यातला एक भाग दरमहा हातात पडतो, दुसरा आपल्या नावावर साठत जातो आणि तिसरा एक अट पुरी झाली तरच मिळतो. हे तीन भाग वेगळे केल्याशिवाय घरखर्चाचे बेत ठरवू नयेत. ते वेगळे करून मागायचे कसे, हे आमच्या घरातल्याच एका उदाहरणावरून सांगतो.

आमची भाची सांगलीची. डिप्लोमा झाल्यावर कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तिने दोन वर्षे तपासणी विभागात काम केले. मग सातारा जिल्ह्यातल्याच शिरवळजवळच्या एका कंपनीत तिची निवड झाली. भरतीचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी पुण्याहून फोन करून सांगितले, "मॅडम, पाच लाख चाळीस हजारांचे पॅकेज आहे. महिन्याला पंचेचाळीस हजार." घरात शुक्राना झाला. लगेच हिशेबही झाले. शिरवळला खोली आणि डब्याला बारा हजार, धाकट्या भावाच्या कॉलेजची फी, आणि छताच्या कामासाठी नात्यातून घेतलेल्या कर्जे हसनाची दरमहा दहा हजारांची परतफेड. दुल्हाभाईंनी तर ज्यांचे पैसे होते त्यांना तारीखही सांगून टाकली.

दोन दिवसांनी ईमेलवर पत्र आले. त्यासोबत पगाराचा तक्ता होता. त्यात बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स यांच्या खाली "एम्प्लॉयर पीएफ" आणि "ग्रॅच्युइटी" अशा दोन ओळी होत्या, आणि त्या धरून बेरीज पंचेचाळीस हजार होत होती. भाची तो कागद घेऊन साताऱ्याला आमच्याकडे आली. आम्ही दोघेही शिक्षक, म्हणून आम्हांला हे ठाऊक असणार असा तिचा विश्वास.

खरे तर शिक्षकांचा हिशेब निराळा. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्या आमच्यासारख्यांना जुनी पेन्शन लागू झाली नाही. आधी अंशदायी योजना आली आणि पुढे एनपीएस. आमच्या पगारातून काय कापले जाते आणि सरकार त्यात किती घालते, हे आम्हांलाही वर्षानुवर्षे कागद मागून समजून घ्यावे लागले. त्यामुळे एक सवय लागली आहे. निवृत्तीच्या नावाने लिहिलेल्या प्रत्येक रकमेला तीन प्रश्न विचारायचे: ही कोण भरणार, कुठे भरणार, आणि मला कधी मिळणार?

तिच्या तक्त्यातले महिन्याचे आकडे असे होते:

बेसिक: २२,५०० रुपये
घरभाडे भत्ता: ९,००० रुपये
स्पेशल अलाउन्स: १०,६१८ रुपये
एम्प्लॉयर पीएफ: १,८०० रुपये
ग्रॅच्युइटी: १,०८२ रुपये
एकूण: ४५,००० रुपये

यातल्या पहिल्या तीन ओळी म्हणजे खरा पगार. त्यांची बेरीज ४२,११८. या रकमेतून तिचा स्वतःचा पीएफ कापला जाणार, तोही १,८०० रुपये. शिवाय व्यवसाय कराचे २०० रुपये. एवढ्या उत्पन्नावर आयकर बसत नव्हता. म्हणजे हातात येणार ४०,११८ रुपये. पंचेचाळीस हजारांतून ४,८८२ रुपये कमी. कर्जाच्या परतफेडीचा जवळजवळ निम्मा हप्ता!

भाचीचा चेहरा उतरला. "मामू, म्हणजे ते लोक फसवत आहेत का?" आम्ही म्हटले, तसे समजण्याचे कारण नाही. कमी झालेल्यांपैकी ३,६०० रुपये पीएफचे आहेत, ते तुझ्याच नावाने जमा होणार आहेत. प्रश्न ते नेमके कसे जमा होणार याचा आहे, आणि त्याचे उत्तर या कागदावर नाही. ते विचारावे लागेल.

इथे तिच्या अम्मीने हरकत घेतली. मुलीच्या जातीने एवढी चौकशी केली तर नोकरी हातची जाईल, अशी तिला भीती. ही भीती आपल्याकडे अनेक घरांत आहे. पण पगार वाढवून मागणे आणि पगार समजावून मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत घासाघीस नसते. भरती करणाऱ्याला असे प्रश्न नवे नसतात. त्याला सगळी उत्तरे ठाऊक नसली, तर तो पगार विभागाला विचारून सांगतो. फक्त प्रश्न मोजके असावेत, लेखी असावेत, आणि "पीएफचे काय?" असे मोघम नसावेत. मोघम प्रश्नाला "नियमाप्रमाणे मिळेल" असेच उत्तर येते.

आम्ही बसून तिच्याकडून चार प्रश्न लिहून घेतले. सुरुवातीला एक वाक्य निवडीबद्दल आभाराचे, आणि मग:

१. पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जाईल की १५,००० रुपयांच्या मर्यादेवर? पुढे बदल करता येतो का?
२. कंपनीच्या १,८०० रुपयांपैकी पेन्शन योजनेत किती आणि पीएफ खात्यात किती जातील? माझा जुना यूएएन आहे आणि मी आधीपासून पेन्शन योजनेची सभासद आहे.
३. ग्रॅच्युइटीचे १,०८२ रुपये दरमहा कुठे जमा होतात का? कोणत्या अटीवर मिळतात?
४. माझी नेमणूक थेट कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदारामार्फत? कायम आहे की मुदतीच्या करारावर?

हे चारच प्रश्न का, तेही सांगायला हवे.

पीएफचा कायदा १९५२ चा. कर्मचाऱ्याने बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के भरायचे आणि मालकानेही तेवढेच भरायचे, हा त्याचा सर्वसाधारण नियम. पण १ सप्टेंबर २०१४ पासून यासाठीची वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे. पगार त्याहून जास्त असला तरी कंपनी १५,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये भरून मोकळी होऊ शकते. काही कंपन्या पूर्ण बेसिकवर भरतात. आमच्या भाचीच्या बाबतीत तसे केले असते तर दोन्ही बाजूंनी २,७०० रुपये झाले असते. कंपनीचा एकूण खर्च ४५,००० च ठेवायचा म्हटल्यावर कंपनीचे वाढीव ९०० रुपये स्पेशल अलाउन्समधून कमी झाले असते आणि तिच्या बाजूचे ९०० पगारातून कापले गेले असते. हातात ३८,३१८ आले असते, आणि महिन्याला १,८०० रुपये जास्त साठले असते. दोन्ही पद्धती नियमात बसतात. ज्या घराला आज हातात पैसा लागतो त्याला पहिली सोयीची, ज्याला साठवायचे आहे त्याला दुसरी. मात्र पूर्ण बेसिकवर एकदा सुरू झालेली कपात नंतर खाली आणणे सोपे नसते, म्हणून हे रुजू होण्याआधी विचारायचे.

दुसरा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. कर्मचाऱ्याचा वाटा पूर्णपणे पीएफ खात्यात जातो, पण मालकाचा वाटा दोन ठिकाणी फुटतो. वेतनाच्या ८.३३ टक्के, जास्तीत जास्त १,२५० रुपये, १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले पीएफ खात्यात. १,८०० मधून १,२५० गेले की खात्यात येतात ५५०. म्हणजे भाचीच्या खात्यात दरमहा तिचे १,८०० आणि कंपनीचे ५५०, असे २,३५० रुपये दिसणार. पेन्शन योजनेतल्या रकमेवर व्याज चढत नाही. तिचा उपयोग दहा वर्षांची सेवा भरल्यावर, ५८ व्या वर्षी मिळणाऱ्या पेन्शनसाठी. ती सेवा वेगवेगळ्या कंपन्यांतली मिळून मोजली जाते. कुपवाडची दोन वर्षे वाया गेली नाहीत, ती याचमुळे.

यात एक बारकावा आहे. सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच पीएफमध्ये येतो आणि ज्याचे पीएफसाठीचे वेतन त्या वेळी १५,००० हून जास्त असते, तो पेन्शन योजनेत येत नाही. त्याच्या मालकाचा सगळा वाटा पीएफ खात्यातच जायला हवा. आमच्या भाचीचे बेसिक कुपवाडला १५,००० च्या आत होते, तिथे ती पेन्शन योजनेत आली होती आणि नोकरी सोडल्यावर तिने पीएफ काढून घेतला नव्हता. म्हणून तिची सभासदकी पुढे चालू राहते. दोघी मैत्रिणी एकाच दिवशी, एकाच पगारावर रुजू झाल्या तरी एकीच्या खात्यात २,३५० आणि दुसरीच्या खात्यात ३,६०० दिसू शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. रुजू होताना भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्म ११ मध्ये "आधी पीएफचे सभासद होता का, पेन्शन योजनेचे सभासद होता का" असे विचारलेले असते. तिथे घाईत "नाही" लिहिले गेले तर नवा यूएएन निघतो, जुनी सेवा तुटते, आणि पुढे पैसे काढताना वर्षे न जुळल्याने अर्ज परत येतो.

आता ग्रॅच्युइटी. हा १९७२ सालच्या कायद्याने आलेला हक्क. शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्याला १५ ने गुणायचे, २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे, असा त्याचा हिशेब. महिन्यातले कामाचे दिवस २६ धरले आहेत, म्हणजे दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. २२,५०० वर पाच वर्षांचे ६४,९०४ रुपये होतात. तक्त्यातल्या १,०८२ ला साठ महिन्यांनी गुणले तर ६४,९२०. दोन्ही आकडे जुळतात, कारण ते १,०८२ म्हणजे याच हिशेबाचा महिन्याला पाडलेला तुकडा आहे, बेसिकच्या ४.८१ टक्के. पण हे पैसे पीएफसारखे तिच्या नावाच्या खात्यात दरमहा पडत नाहीत. ती कंपनीने धरून ठेवलेली तरतूद आहे. कायम नोकरीत एकाच मालकाकडे सलग पाच वर्षे झाल्यावरच ती मिळते. मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ही पाच वर्षांची अट नसते.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी यांच्यातला मुख्य फरक हाच. पीएफ माणसाबरोबर नव्या नोकरीत जातो, ग्रॅच्युइटी जात नाही. भाचीने तिसऱ्या वर्षाअखेर लग्न किंवा बदली म्हणून नोकरी सोडली, तर छत्तीस महिन्यांत पॅकेजमध्ये मोजलेले ३८,९५२ रुपये तिला मिळणार नाहीत. उलट ती थांबली आणि पाचव्या वर्षी बेसिक ३०,००० झाले, तर सगळी पाच वर्षे त्या शेवटच्या बेसिकवर मोजली जातील आणि ८६,५३८ रुपये मिळतील. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना ग्रॅच्युइटीची ओळ दोन्हीकडून वगळून पाहावी.

चौथा प्रश्न याच्याशीच जोडलेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार मुदतीच्या करारावर थेट नेमलेल्या कर्मचाऱ्याला एक वर्ष पूर्ण झाले तरी सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून नेमणूक कोणत्या प्रकारची, हे पत्रात स्पष्ट असावे. ठेकेदारामार्फत असेल तर मालक म्हणून पीएफ कोणाच्या नावाने भरला जाणार, हेही तेव्हाच विचारावे.

उत्तर तीन दिवसांनी आले. त्याआधी त्या गृहस्थांचा फोनही आला होता. आवाजात राग नव्हता, थोडे नवल होते. "मॅडम, पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे मी आत्ता सांगतो. दुसऱ्याचे पगार विभागाकडून लेखी पाठवतो." लेखी उत्तर असे: पीएफ १५,००० वर, जुन्या यूएएनमुळे १,२५० पेन्शनला आणि ५५० खात्यात, ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर, नेमणूक थेट आणि कायम. भाचीने तो ईमेल ऑफर लेटरसोबत जपून ठेवला.

घरात मग आणखी एक प्रश्न निघाला, जो आपल्या बहुतेक घरांत निघतो. पीएफवर व्याज मिळते, २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. मग ते घ्यायचे कसे? आपल्याकडच्या अनेक मुफ्तींचे म्हणणे असे की सक्तीची कपात कर्मचाऱ्याच्या ताब्यात येण्याआधीच होते, त्यामुळे तिच्यावर मिळणारी वाढ ही रिबाच्या व्याख्येत येत नाही, नाव काही असो. स्वतःच्या मर्जीने वाढवून घेतलेल्या कपातीबद्दल मात्र ते सावध राहायला सांगतात. फतवा देणे आमचे काम नाही. दुल्हाभाईंनी आपल्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. पण मौलानांनीही पहिला प्रश्न हाच केला की कपात सक्तीची किती आणि मर्जीची किती. लेखी उत्तर हातात होते, म्हणून तेही सांगता आले.

दुल्हाभाईंनी कर्जाचा हप्ता दहा हजारांवरून सात हजारांवर आणला आणि ज्यांचे पैसे होते त्यांना पहिला हप्ता देण्याआधीच तसे सांगितले. त्यांनी आनंदाने मान्य केले. वायदा मोडण्यापेक्षा वायदा आधी बदलून घेणे केव्हाही बरे.

पत्र समजले म्हणजे काम संपले असे नाही. कागदावरचे प्रत्यक्षात उतरते का, हे पहिल्या दोन महिन्यांत कळते. पाहायच्या जागा दोन. एक म्हणजे पगाराची स्लिप. ४२,११८ मधून वजा होणाऱ्या रकान्यात पीएफ एकदाच, १,८०० रुपयांचा असावा. कंपनीचा वाटा एकूण खर्चात मोजता येतो, पण कर्मचाऱ्याच्या पगारातून कापता येत नाही. काही स्लिपांत तो वर मिळवून खाली वजा दाखवतात; तेव्हा हातातली रक्कम ४०,११८ च येते ना, एवढे पाहिले की पुरते. दुसरी जागा म्हणजे पीएफचे पासबुक, ते यूएएन टाकून मोबाइलवर उघडते. एका महिन्याचे पैसे कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. स्लिपमध्ये कपात दिसते आणि पासबुकात महिनोन्‌महिने काही दिसत नाही, असे झाले तर आधी कंपनीला लेखी विचारावे आणि तिथे दाद लागली नाही तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे तक्रार करावी.

भाचीच्या पासबुकात दुसऱ्या महिन्याच्या विसाव्या दिवशी तीन आकडे आले: १,८००, ५५० आणि १,२५०. तिने त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "मामू, कुपवाडची जुनी रक्कम अजून इकडे आलेली नाही." तो वेगळा अर्ज आहे. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे का, हे त्यासाठी आधी पाहावे लागते. पुढच्या रविवारी ती येणार आहे, तेव्हा तेवढे करून टाकू, इन्शाअल्लाह.